चिक्कीचा पाक आणि हात

“आई, आजी चहा उकळत असताना मला शेजारी उभं राहू देते, पण चिक्कीचा पाक करताना ‘लांब हो’ म्हणून ओरडते. पाक म्हणजे वितळलेला गूळच ना, मग त्याची एवढी भीती का? यंदा संक्रांतीला मी परदेशात माझ्या खोलीवर चिक्की करणार आहे, म्हणून विचारते.”

प्रिय मृण्मयी,

चहाचे पाणी कितीही वेळ उकळले तरी १०० अंश सेल्सियसच्या आसपासच राहते, कारण त्यापुढची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. गुळाच्या पाकाचे तसे नाही. त्यातले पाणी जसजसे आटते तसतसा त्याचा उकळबिंदू वाढत जातो. तिळाच्या लाडवांसाठी मऊ गोळी होणारा पाक ११५ अंशांच्या आसपास असतो, आणि चिक्कीसाठी जो पाक पाण्यात टाकल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे, तो १४५ ते १५० अंशांपर्यंत गेलेला असतो. बराच वेळ हे तापमान हळूहळू चढते आणि पाणी संपत आले की शेवटच्या एक-दोन मिनिटांत झपाट्याने वाढते, म्हणून नेमक्या त्या वेळी आजीचा आवाज चढतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. अंगावर उडालेले पाणी ओघळून जाते आणि लगेच निवू लागते. पाक मात्र त्वचेला चिकटतो, झटकला तरी जात नाही, आणि घट्ट होईपर्यंत आपली उष्णता त्याच जागी आत सोडत राहतो. त्यामुळे त्याचा थेंबभर डागही पाण्याच्या मोठ्या शिंतोड्यापेक्षा खोल भाजू शकतो. शिवाय तो दिसण्यात फसवा आहे. शेगडीवरून उतरवल्यावर काही क्षणांत त्याचे बुडबुडे थांबतात, वाफही फारशी दिसत नाही, आणि तो काकवीसारखा शांत, चकचकीत दिसतो. प्रत्यक्षात त्याचे तापमान तेव्हा जवळजवळ तेवढेच असते. चमच्याला लागलेला पाक बोटाने चाटण्याचा मोह होतो तो याच वेळी.

आता तुझ्या स्वयंपाकघराचे सांगते. आपल्याकडची गोल बुडाची कढई तिथल्या सपाट काचेच्या विजेच्या शेगडीवर नीट बसत नाही आणि ढवळताना डुलते, म्हणून ती वापरू नकोस. सपाट व जाड बुडाचे, लांब दांड्याचे पातेले घे आणि दांडा ओट्याच्या काठाबाहेर न ठेवता आतल्या बाजूला वळव. २०० ग्रॅम गुळाला निदान दोन लिटरचे पातेले हवे, कारण गूळ उकळताना फेस धरतो आणि चिमूटभर सोडा घातलास तर तो एकदम वर येतो. पातेले एक तृतीयांशापेक्षा जास्त भरलेले नसावे. ढवळायला लाकडी उलथणे बरे. साधे प्लास्टिक या उष्णतेला वितळते.

चिक्कीत हात भाजतात ते बहुधा घाईने, आणि घाई होते ती तयारी अर्धवट असल्याने. म्हणून शेगडी लावण्याआधी २०० ग्रॅम शेंगदाणे भाजून, सोलून, त्यांच्या पाकळ्या करून ठेव. ते पूर्ण कोरडे असले पाहिजेत, कारण ओलसर दाणा पाकात पडला की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पाक उडतो. उलट्या स्टीलच्या ताटाला आणि लाटण्याला तूप लावून ते शेगडीच्या अगदी शेजारी ठेव, म्हणजे गरम पातेले हातात घेऊन चालावे लागणार नाही. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घाल, बंद पादत्राणे घाल, अंगठी व बांगड्या काढून ठेव, आणि पातेले धरण्याचे फडके कोरडे आहे ना ते पाहा. ओल्या फडक्यातून उष्णता चटकन हातापर्यंत येते. तुझ्या मैत्रिणी पाहायला येतील, त्यांना ओट्यापासून दोन पावले लांब उभे कर.

चिरलेला गूळ, चमचाभर तूप आणि दोन चमचे पाणी मध्यम आचेवर ठेव. पाकाची परीक्षा करताना थेंब थंड पाण्याच्या वाटीत पडल्यावर लगेच बोटे घालू नकोस. थेंब वरून घट्ट झाला तरी त्याचा गाभा काही क्षण गरम असतो. आठ-दहा सेकंद थांब, मग उचलून मोड. तो ताणला गेला तर पाक अजून कच्चा आहे, कट्‌कन मोडला तर झाला. लगेच पातेले त्या शेगडीवरून बाजूला घे, कारण विजेची शेगडी बंद केली तरी तापलेलीच राहते. दाणे एकदम पण हलक्या हाताने, जवळून घाल. मिश्रण ताटावर ओतताना पातेले आपल्यापासून दूरच्या बाजूला कलंडव आणि बुडाशी चिकटलेले उलथण्याने ओढून घे, पातेले झटकू नकोस. वर तूप लावलेला बेकिंगचा कागद ठेवून लाट. कड सरळ करण्यासाठी बोट लावण्याची सवय आपल्या घरात सगळ्यांना आहे. ती तू लावून घेऊ नकोस, सुरीची पाठ वापर.

रिकाम्या गरम पातेल्यात पाणी ओतू नकोस, ते वाफेसह अंगावर उसळते. पातेले पूर्ण निवू दे, मग पाणी भरून उकळ, चिकटलेला पाक आपोआप विरघळेल.

एवढे करूनही पाक अंगावर पडला तर शेगडी बंद करून थेट नळाखाली जा. पाक खरवडू किंवा सोलू नकोस, त्याबरोबर त्वचाही निघेल. गूळ पाण्यात विरघळतो, तो वाहत्या पाण्यानेच सुटू दे. पाणी थंड असावे पण बर्फासारखे नको. जानेवारीत तुझ्या नळाला फारच गार पाणी येते, त्यात थोडे कोमट मिसळ. आणि २० मिनिटे हात तिथेच ठेव. आग कमी वाटली की माणसे दोन मिनिटांत नळ बंद करतात, पण आतली उष्णता तेवढ्यात निघत नाही. सूज यायच्या आत त्या हातातली घड्याळासारखी घट्ट वस्तू काढ. आजी फोनवर तूप किंवा हळद लावायला सांगेल, मायेनेच सांगेल. तरी लावू नकोस. तूप उष्णता आत कोंडते, आणि हळदीमुळे जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. बर्फ आणि टूथपेस्टही नकोच. नंतर स्वयंपाकघरातली स्वच्छ पारदर्शक फिल्म सैल अंथर, घट्ट गुंडाळू नकोस. फोड आला तर तो फोडू नकोस.

भाजलेली जागा तुझ्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, बोटे, सांधा यांवर असेल, किंवा तिथली त्वचा पांढरी पडून बधिर झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोळ्यात पाक गेला किंवा मोठा भाग भाजला तर तिथल्या ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन कर. आणि तिथे ‘गरम पाण्याने भाजले’ असे न सांगता उकळत्या साखरेच्या पाकाने भाजले असे स्पष्ट सांग, कारण वरून लहान दिसणारी ही जखम किती खोल असू शकते याचा अंदाज त्यांना त्यावरूनच येतो.

तुझी,
आई