‘भारित सरासरी अंशदान’ : भार नेमका कशाचा?

प्रश्न : दोन वस्तू ठरावीक प्रमाणात विकल्या जात असतील तर ना-नफा-ना-तोटा बिंदू ‘भारित सरासरी अंशदाना’वरून काढा, असं पुस्तकात आहे. हा भार कशाचा धरायचा, नगांचा की विक्रीच्या रकमेचा? माझी दोन उत्तरं दोन वेगळी येतात.

उत्तर : दोन्ही भार चालतात, पण प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे. अंशदान ‘दर नगामागे इतकं’ असं मांडलं असेल तर भार नगांच्या प्रमाणाचा. ते ‘विक्रीच्या इतके टक्के’ असं मांडलं असेल तर भार विक्रीच्या रकमेचा. तुमची उत्तरं जुळत नाहीत, याचा अर्थ बहुधा टक्क्यांना नगांचा भार लावला गेला आहे.

अंशदान म्हणजे विक्री किंमत वजा बदलता खर्च. स्थिर खर्च भागवण्यासाठी त्या नगाने भरलेली वर्गणीच म्हणा. (काही जण ‘योगदान’ लिहितात. मला ‘अंशदान’ बरं वाटतं, त्यात वाटा दिसतो.)

आता उदाहरण घेऊ. ‘क’ वस्तूची किंमत १००, बदलता खर्च ६०, म्हणून अंशदान ४०, म्हणजे ४० टक्के. ‘ख’ची किंमत ३००, बदलता खर्च २१०, अंशदान ९०, म्हणजे ३० टक्के. ‘क’चे तीन नग विकले गेले की ‘ख’चा एक जातो. स्थिर खर्च ४,२०,०००.

तीन ‘क’ आणि एक ‘ख’ यांचा एक संच कल्पा. संचाचं अंशदान ३ × ४० अधिक ९०, म्हणजे २१०. ते चार नगांवर वाटलं की नगामागे ५२.५० येतं, हीच भारित सरासरी. ४० आणि ९० यांची साधी सरासरी ६५ येते, पण ‘ख’ चार नगांत एकदाच येत असल्यामुळे ती इथे निरुपयोगी आहे. स्थिर खर्चाला ५२.५० ने भागलं की ८,००० नग मिळतात : ‘क’ ६,००० आणि ‘ख’ २,०००. त्यांची विक्री प्रत्येकी ६,००,०००, एकूण १२,००,०००.

हेच टक्क्यांनी करून पाहा. संचात ‘क’ची विक्री ३०० आणि ‘ख’चीही ३०० आहे. नगांचं प्रमाण ३:१ असलं तरी रकमेचं प्रमाण १:१ आहे. म्हणून ४० आणि ३० टक्क्यांची भारित सरासरी ३५ टक्के, आणि ४,२०,००० भागिले ०.३५ म्हणजे पुन्हा १२,००,०००. याच टक्क्यांना ३:१ चा भार दिला तर ३७.५ टक्के येतात आणि उत्तर ११,२०,००० निघतं. एवढ्या विक्रीवर खरं अंशदान ३५ टक्क्यांनी ३,९२,००० च जमतं. २८,००० चा तोटा राहतो. ही चूक पकडण्याचा उपाय साधा आहे : आलेल्या नगांना त्यांच्या त्यांच्या अंशदानाने गुणून बेरीज घ्या. ती स्थिर खर्चाइतकी नसेल तर भार चुकला.

‘ठरावीक प्रमाण’ ही अट मात्र शोभेची नाही. नुसता ‘क’ विकला तर १०,५०० नगांवर खर्च निघतो, नुसत्या ‘ख’ला ४,६६७ पुरतात, आणि मधे कितीतरी जोड्या आहेत. त्यांतली एक निवडण्याचं काम हे प्रमाण करतं. प्रमाण हललं की बिंदूही हलतो, आणि कधीकधी चमत्कारिक दिशेने.

समजा, वरचं प्रमाण ३:१ ऐवजी १:१ झालं. जोडीचं अंशदान १३०, म्हणून ३,२३१ जोड्या, म्हणजे ६,४६२ नग. (भागाकार ३,२३०.७७ येतो, तो वरच न्यायचा, कारण अर्धवट जोडी विकता येत नाही.) नग ८,००० वरून घटले. पण जोडीची विक्री ४००, म्हणून आवश्यक विक्री १२,९२,४०० झाली, आधीपेक्षा जास्त! नगामागे ‘ख’ जास्त देतो, विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे ‘क’ जास्त देतो. त्यामुळे ‘ख’ वाढला की नग कमी लागतात आणि विक्रीची रक्कम मात्र जास्त लागते. मिश्रण सुधारलं की बिघडलं, हे मग नग मोजता की रक्कम, यावर ठरतं. म्हणून वर्षअखेरीस १२,००,००० ची विक्री होऊनही तोटा दिसला, तर किमतींत किंवा खर्चांत दोष शोधण्याआधी दोन्ही वस्तूंचे प्रत्यक्ष विकलेले नग काढून त्यांचं प्रमाण ३:१ राहिलं का, ते पाहावं.