'प्रतीक' म्हणजे मुळात अवयव

प्रश्न: "आमच्या कोल्हापुरातल्या वाचकमंडळात एका कादंबरीवर चर्चा झाली. तिच्यातली पोलिओ झालेली नायिका 'समाजाच्या पंगुत्वाचं प्रतीक' आहे असं एकजण म्हणाले. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? आणि तिला अपंग म्हणावं, विकलांग की दिव्यांग?"

'पंगुत्वाचं प्रतीक' हे शब्द इतक्या परीक्षणांत वाचलेत की आता ते दिसले की मी पान उलटतो. कोशातला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. मजा पुढे आहे. अमरकोशात शरीराच्या भागांची नावं देताना ओळ येते, 'अङ्गं प्रतीकोऽवयवोऽपघनः'. म्हणजे प्रतीक हा अंगाचा, अवयवाचा पर्याय! ईशान्येच्या दिग्गजाचं नाव सुप्रतीक, म्हणजे सुडौल अंगांचा. 'प्रतीक' हा शब्द इंग्रजीतून आलेली कल्पना सांगायला आधुनिक समीक्षकांनी घडवला असं छातीठोक सांगणारे विद्वान आहेत. त्यांनी अमरकोशाचं दुसरं कांड एकदा उघडावं. अर्थ नवा असेल, शब्द नवा नाही.

तेव्हा एखाद्या बाईला 'प्रतीक' म्हटलं, की जुन्या अर्थाने तिचा एक अवयव तेवढा उरला. माझ्या मते अशा कादंबऱ्यांत नेमकं हेच होतं: पाय राहतो, बाई जाते.

हे पकडायचं कसं, तेही व्याकरण सांगतं. पाणिनीचं सूत्र आहे, 'येनाङ्गविकारः' (२.३.२०). ज्या अवयवामुळे माणसात उणेपणा दिसतो त्या अवयवाला तृतीया: 'पादेन खञ्जः', 'अक्ष्णा काणः'. माणूस प्रथमेत, अवयव तृतीयेत. आपल्याकडचा कुणीही न शिकता हेच बोलतो, 'ती पायानं अधू हाय'. शाळेतली व्याकरणं या 'पायानं'ला सरसकट करण म्हणून मोकळी होतात. करण म्हणजे साधन. पाय हे अधू असण्याचं साधन कसं होईल? पाणिनीला वेगळं सूत्र करावंसं वाटलं ते उगाच नाही.

आता कादंबरी घ्या आणि नायिका येते ती वाक्यं पेन्सिलीने खुणवा. कर्ता कोण आहे ते बघा. समजा, मंगळवार पेठेतली सुमन अंबाबाईच्या देवळात निघाली आहे. एक लेखक लिहितो, 'तिचा निर्जीव पाय फरफटत होता, कॅलिपर खणखणत होता, लोक बघत होते.' तीन क्रियापदं, आणि सुमन एकाचीही कर्ता नाही. शिवाय 'निर्जीव' चूक आहे. पोलिओने स्नायूंचं बळ जातं, संवेदना जात नाही. त्या पायाला फरशीचा गारवा कळतो, खडा टोचतो. पायाला बधिर करणाऱ्या लेखकाला पाय दिसलेला नसतो, पंगुत्व दिसलेलं असतं.

दुसरी खूण चपलेची. कॅलिपर म्हणजे अधू पायाला आधार देणारा सांगाडा. जुन्या पद्धतीच्या कॅलिपरच्या पोलादी पट्ट्या खाली बुटाच्या टाचेत बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या पायात कोल्हापुरी चालतच नाही. देवळाच्या दारात बूट काढायचा म्हणजे पट्टे सोडून कॅलिपरच उतरवायचा. मग कुठेतरी टेकावं लागतं, आणि आत जायला कुबडी किंवा कुणाचा तरी खांदा लागतो. 'सुमन अनवाणी, कॅलिपर वाजवत गाभाऱ्याकडे निघाली' असं वाक्य आलं, की लेखकाने कॅलिपर फक्त आवाजासाठी आणलाय हे कळतं. बसण्याचंही तसंच. गुडघ्याशी पट्ट्यांवर कड्या असतात. पाय सरळ झाला की त्या खाली सरकतात आणि सांधा अडकतो. बसताना त्या हाताने वर ओढाव्या लागतात, नाहीतर पाय समोर ताठ राहतो. जिना चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

दुसरा लेखक लिहील, 'सुमनने कठड्याला टेकून कड्या वर ओढल्या, पट्टे सोडले आणि बूट बहिणीच्या हाती दिला. आज गर्दी जास्त होती, म्हणून तिने लांबूनच हात जोडले.' इथे प्रत्येक कामाची कर्ता सुमन आहे, आणि आत जायचं की नाही हेही तिनेच ठरवलं.

कथेचा काळही तपासा. भारतात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत सापडला आणि २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आजच्या कोल्हापुरात घडणाऱ्या कथेत पोलिओ झालेली सात वर्षांची मुलगी आली, तर ती बहुधा जुन्या कादंबरीतून चालत आलेली असते.

प्रतीक असूच नये असं मी म्हणत नाही. कड्या ओढणारी सुमन वाचकाला वाटलं तर आणखी कशाचंही प्रतीक होऊ दे. लेखकाने आधी तिला प्रथमा द्यावी.

अपंग की दिव्यांग? २०१६च्या कायद्यापासून सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात, अर्ज भरताना तेच लिहा. कादंबरीवर बोलताना 'पायाने अधू' म्हणा किंवा सरळ 'सुमन' म्हणा, नाव दिलंय ना लेखकाने.