जनुक फक्त यकृतातूनच कसं काढतात?

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पीएचडीची मुलाखत आहे. ती लॅब उंदरांच्या यकृतावर क्री-लॉक्स वापरून काम करते. उंदराच्या प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच असतो, मग जनुक फक्त यकृतातूनच कसं जातं? मुलाखतीत यावर काय विचारतील?

उत्तर: एका खऱ्या प्रयोगावरून समजून घे. इन्सुलिन रिसेप्टरचं जनुक सगळ्या शरीरातून काढलं, तर पिल्लं जन्मानंतर काही दिवसांतच कीटोॲसिडोसिसने मरतात. मग मोठ्या उंदराच्या यकृतात हा रिसेप्टर काय करतो, हे कळणार कसं? बोस्टनच्या जॉसलिन डायबेटिस सेंटरमधल्या रोनाल्ड कान यांच्या गटाने 2000 मध्ये फक्त यकृतातून तो काढून दाखवला. उंदीर जगले, त्यांच्या रक्तात इन्सुलिन खूप वाढलं आणि ग्लुकोज आटोक्यात राहीना.

यासाठी दोन वेगवेगळे उंदीर लागतात. पहिल्यात रिसेप्टर जनुकाच्या चौथ्या एक्झॉनच्या दोन्ही बाजूंना, इंट्रॉनमध्ये, लॉक्सपी हा 34 बेसचा क्रम एकाच दिशेने बसवलेला असतो. त्याने काहीच बिघडत नाही, जनुक नेहमीसारखं चालतं. याला फ्लॉक्स्ड जनुक म्हणतात. दुसऱ्या उंदरात पी1 या बॅक्टेरियोफाजमधलं क्री रिकॉम्बिनेजचं जनुक अल्ब्युमिनच्या प्रमोटरपुढे जोडलेलं असतं. दोघांच्या संकरातून आलेल्या पिल्लाच्या प्रत्येक पेशीत फ्लॉक्स्ड जनुकही असतं आणि क्रीचं जनुकही. पण अल्ब्युमिनचा प्रमोटर चालू होतो तो यकृतपेशींत, म्हणून क्रीचं प्रथिन तिथेच तयार होतं. ते दोन लॉक्सपींमधला तुकडा कापून टोकं जोडतं. चौथा एक्झॉन गेला की वाचनाची चौकट सरकते, लगेच स्टॉप कोडॉन येतो आणि रिसेप्टर बनत नाही. स्नायूतली पेशी तोच डीएनए बाळगूनही शाबूत राहते. तुझ्या शंकेचं उत्तर हे आहे: डीएनए सगळीकडे सारखाच, फरक प्रमोटरचा.

हे बहुतेक उमेदवार सांगतात. माझ्या मते मुलाखतीचा खरा कस पुढच्या दोन गोष्टींवर लागतो.

पहिली म्हणजे संकराचं गणित. दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेला उंदीर क्रीची एक प्रत असलेल्या उंदराशी जोडला, तर पहिल्या पिढीत प्रत्येकाकडे फ्लॉक्स्ड प्रत एकच येते आणि निम्म्यांकडे क्री. त्या क्रीवाल्यांना पुन्हा दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेल्या उंदराशी जोडलं, की चारात एक पिल्लू हवं तसं मिळतं. एका वेतात सहा ते आठ पिल्लं धरली तर एक किंवा दोन, आणि प्रयोगाला फक्त नर हवे असतील तर त्याच्याही निम्मी. गर्भकाळ तीन आठवड्यांचा, वयात यायला सहा ते आठ आठवडे, म्हणजे हे पिल्लू दूध सोडेपर्यंत साधारण चार महिने जातात. शिवाय अल्ब्युमिन-क्रीचं काम जन्माच्या वेळी अर्धवटच झालेलं असतं, ते पूर्ण व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. मापन त्यानंतरच करायचं. एकदा हवे तसे उंदीर मिळाले, की त्यांना क्री नसलेल्या, दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेल्या उंदरांशी जोडतात. मग निम्मी पिल्लं प्रयोगाची आणि निम्मी त्यांचीच भावंडं कंट्रोल म्हणून मिळतात.

दुसरा प्रश्न हमखास येतो: जनुक खरंच गेलं, आणि फक्त यकृतातूनच गेलं, हे कशावरून? कानाच्या किंवा शेपटीच्या तुकड्यावरचं पीसीआर पिल्लाकडे कोणती जनुकं आहेत एवढंच सांगतं. कापलं गेलं की नाही, ते यकृताच्या डीएनएत पाहावं लागतं. तिथे कापलेल्या जनुकाचा लहान बँड दिसायला हवा आणि स्नायूत दिसायला नको. तोच बँड शेपटीतही ठळक दिसला, तर बीजपेशींत किंवा अगदी सुरुवातीच्या भ्रूणात क्री चालू झालं होतं, असा संशय घ्यायचा. ते पिल्लू यकृतापुरतं राहिलेलं नसतं, ते बाजूला काढायचं. उलट, यकृताच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये रिसेप्टरचा फिका बँड उरला म्हणून प्रयोग फसला असं नाही. यकृतात कुफ्फर पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही असतात आणि तिथे अल्ब्युमिनचा प्रमोटर चालत नाही. यकृतपेशी वेगळ्या काढून तपासल्या की शंका मिटते.

आणखी एक कंट्रोल विसरू नकोस: क्री आहे, पण जनुक फ्लॉक्स्ड नाही असा उंदीर. मेंदूसाठी वापरली जाणारी नेस्टिन-क्री जात कोणतंही जनुक न काढताही सामान्य उंदरांपेक्षा लहान राहते. असा उंदीर शेजारी ठेवला नाही, तर क्रीचा परिणाम आपण जनुकाच्या खात्यावर मांडून बसतो.

मुलाखतीत तूही विचार: फ्लॉक्स्ड आणि क्रीवाले उंदीर लॅबकडे आत्ता आहेत की मागवायचे आहेत? संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी झाली आहे का? ‘मागवायचे आहेत’ असं उत्तर आलं, तर आयात, विलगीकरण आणि वरचे चार महिने धरून पहिल्या वर्षात तुझ्या हाती मुख्यतः जिनोटायपिंगच राहील. तेव्हा पेशीसंवर्धनावरचा एखादा छोटा प्रकल्प सोबत मिळेल का, हे प्रवेश घेण्याआधीच बोलून घे.