पाठासाठी साधन निवडताना

तुमच्या पाचवीच्या अपूर्णांकांच्या पाठाचं टाचण वाचलं. पहिल्याच मिनिटाला व्हिडिओ नको. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946 साली मांडलेल्या अनुभव शंकूत तळाला प्रत्यक्ष अनुभव आहे, वर चित्रं आणि टोकाला शब्द. ही चांगल्या-वाईटाची उतरंड नव्हे. मूल कुठे उभं आहे ते बघून पायरी धरायची, एवढंच.

मुलं 1/4 हे 1/3 पेक्षा मोठं सांगतात, कारण चार तीनापेक्षा मोठे. म्हणून प्रत्येकाला 24 सेंमीच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीचे तीन सारखे भाग घडी घालून करू देत, दुसरीचे चार. 8 आणि 6 सेंमीचे तुकडे शेजारी ठेवले की मुलं स्वतःच बोलतात. मग फळ्यावर त्याच पट्ट्यांची आकृती काढा आणि शेवटी 1/3 > 1/4 लिहा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- पट्ट्या कमी-जास्त लांबीच्या कापणं. तुलनाच बिघडते.
- तक्ता तासभर टांगून ठेवणं. काम झालं की उतरवा.
- पट्टीवरच थांबणं. पट्ट्या गोळा करून 1/5 आणि 1/6 विचारा. मूल अडलं तर पुन्हा आकृतीवर या.

आणि हो, शंकूसोबत फिरणारे ‘वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं’ असले आकडे टाचणात घालू नका. ते डेल यांचे नाहीत, मागाहून चिकटवलेले आहेत.