तिकिटाच्या फोटोवरून खर्चनोंद: आधी तारीख, मग रक्कम

रेल्वे तिकिटाचा फोटो बघून खर्च नोंदवताना सुरुवातीला बहुतेकांची गल्लत तारखेत होते. तिकिटावर आरक्षणाची आणि प्रवासाची अशा दोन तारखा असू शकतात आणि त्यातली जी आधी दिसेल ती उचलली जाते. तारीख नेहमी तिच्या शेजारच्या मजकुरावरून ओळखा. आरक्षण २८ मार्चचं आणि प्रवास २ एप्रिलचा असेल, तर चुकीच्या तारखेने खर्च थेट आधीच्या महिन्यात जाऊन बसतो.

भाड्याची तपासणी तिकीटच करून देतं. समजा मूळ भाडं १,१८० आणि आरक्षण शुल्क ६०, तर एकूण १,२४० यायला हवेत. पुसट छपाईत ८ चा ३ वाचला गेला, तर १,१३० अधिक ६० म्हणजे १,१९०. बेरीज जुळत नाही, तेव्हा फोटो मोठा करून पुन्हा बघा.

एका तिकिटावर दोन प्रवासी असतील तर दोन ओळी करा. प्रत्येक नावासमोर त्याचंच आसन लिहा आणि वरच्या १,२४० चा निम्मा वाटा, म्हणजे ६२०. पूर्ण १,२४० दोन्हीकडे टाकले की खर्च दुप्पट दिसतो.

डब्याचा क्रमांक आसनाला चिकटवू नका, वेगळा रकाना ठेवा. न वाचता येणारं नाव अंदाजाने भरू नका, ‘तपासा’ असं लिहून ठेवा. फोटो आपोआप वाचून घेण्याचं नंतर पाहू.