नोकरीसाठी मेलवर रेझ्युमे पाठवला, तरी एचआरनं मेल करून कंपनीच्या पोर्टलचा फॉर्म पुन्हा भरायला सांगितलाय?

भाऊ, चिडू नको, भरून टाक. मेलमधला रेझ्युमे एचआरच्या इनबॉक्सात पडून राहतो. बऱ्याच कंपन्यांत मुलाखत लावायला पोर्टलवर नोंद लागतेच. लिंक कंपनीच्याच साइटची आहे ना, तेवढं आधी बघ. पैसे मागितले तर तिथंच थांब.

रेझ्युमे अपलोड केला की रकाने आपोआप भरतात, नवी पोरं इथंच फसतात. दोन कॉलमचा रेझ्युमे असला तर जळगावचं कॉलेज 'कंपनी'च्या रकान्यात जाऊन बसतं! तारखा, पद, नोटीस पीरियड एकेक तपास. अपेक्षित पगार मेलमध्ये लिहिलास तोच टाक. राहतोस धुळ्यात तर धुळेच लिही. पुण्याला जायची तयारी 'रिलोकेशन'मध्ये सांग.

सबमिट झाल्यावर मिळालेला अर्ज क्रमांक त्याच मेलला रिप्लाय करून कळव.