अननसाने तोंड खरंच पचतं का?

"अननस खाल्ला की जीभ सोलल्यासारखी होते, दोन दिवस तिखट तोंडाला लावता येत नाही. आपण अननस खातो तेव्हा अननसही आपल्याला खातो असं वाचलं. हे खरं आहे का? कायमचं काही बिघडतं का?"

कायमचं काही बिघडत नाही. पण ते वाक्य अगदीच थापही नाही. मलाही हाच त्रास होता. एका दवाखान्यात मला त्यासाठी महिनोन्महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि जिभेला लावायचं जेल देत राहिले. तुम्ही खाता काय, हे एकदाही विचारलं नाही. मीच विषय काढला तेव्हा "फळाने काही होत नाही" एवढंच ऐकायला मिळालं. याचा राग अजून जात नाही, कारण हे घरच्या घरी तपासता येतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, आणि अननसातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम तिच्या मण्यांमधले दुवे तोडतं. त्याच्या रेणूत सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचा गंधक असतो. तो दुव्यावर हल्ला करतो, मग पाण्याच्या रेणूच्या मदतीने माळ तिथे तुटते आणि एन्झाइम पुढच्या दुव्यासाठी मोकळं होतं. ते खर्ची पडत नाही, म्हणून थोडंसंही पुरतं. ताज्या अननसाच्या फोडी दुधात घालून ठेवल्या तर दूध कडू होतं, ते यामुळेच: दुधातल्या केसिनचे जे तुकडे पडतात त्यांतले काही चवीला कडू असतात.

खात्री करायची असेल तर जिलेटिन घ्या, तेही प्रथिनच आहे. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे विरघळवा आणि दोन वाट्यांत ओता. एकीत ताज्या अननसाचा कुस्करा घाला, दुसरीत तोच कुस्करा चार-पाच मिनिटं उकळून, निववून घाला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की उकळलेली वाटी घट्ट होते, ताजी पाण्यासारखी राहते. यात एकच गोष्ट सांभाळा. जिलेटिन कोमट झाल्यावरच अननस घाला. कढत जिलेटिनमध्ये ताजा कुस्करा पडला तर एन्झाइम तिथेच निकामी होऊ शकतं, दोन्ही वाट्या जमतात, आणि माणूस म्हणतो की ब्रोमेलेन वगैरे काही नसतंच. आगर-आगर वापरू नका. ते प्रथिन नाही, कर्बोदक आहे, त्यामुळे ते ताज्या अननसासोबतही जमतं.

आता जिभेकडे येऊ. जिलेटिनच्या माळा आधीच उलगडलेल्या, मोकळ्या असतात आणि ब्रोमेलेनला कित्येक तास मिळतात. जिवंत जिभेची प्रथिनं घट्ट घडीत असतात, वर लाळेचा बुळबुळीत थर असतो, आणि घास क्षणात पुढे जातो. कच्चं मांससुद्धा अननसाच्या रसात बराच वेळ राहिल्यावरच वरून गिळगिळीत होतं. तोंडात मुख्यतः तो बुळबुळीत थर आणि वरच्या पेशी थोड्या झिजतात, आणि त्या काही दिवसांत नव्याने येतात. खरी झोंबते ती आंबटाई. अननसाचा पीएच साधारण 3 ते 4 असतो आणि ते आम्ल उघड्या पडलेल्या जागेवर बसतं. शिवाय फळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म काड्या असतात, त्याही टोचतात. म्हणून सगळा दोष एन्झाइमवर टाकणं मला पटत नाही.

तुमच्या बाबतीत एन्झाइमचा वाटा किती, हेही कळू शकतं. एक दिवस फोडी आतपर्यंत वाफाळत्या गरम करून, गार करून खा. आंबटपणा आणि काड्या तशाच राहतात, ब्रोमेलेन तेवढं जातं. जळजळ स्पष्ट कमी झाली तर उत्तर मिळालं. गोठवून काही साधत नाही, बर्फातून बाहेर काढल्यावर एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. डबाबंद अननस कारखान्यात तापवलेला असतो, म्हणून तो बहुतेकांना त्रास देत नाही. माझं स्पष्ट मत: ताजाच हवा असेल तर थोडा खा, आणि तोंड आलेलं असताना अजिबात नको.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे जपून वाचा. ओठ किंवा घसा सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. असं काही झालं असेल तर वरचा कुठलाही प्रयोग करू नका, शिजवलेल्या अननसाचाही नाही, आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना अननसही चालत नाही, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा. ब्रोमेलेनच्या गोळ्यांचं प्रकरण फळापेक्षा वेगळं आहे. त्या बहुधा खोडापासून काढलेल्या असतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.